कस्टमर सक्सेस मॅनेजरचा रिझ्युमे: रिन्यूअल, पोर्टफोलिओ आणि ऑनबोर्डिंगचे आकडे पोस्टिंगशी कसे जुळवायचे

मी सात वर्षं कस्टमर सक्सेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर घेतलेला ग्राहक टिकवायच्या कामात आहे, त्यातली शेवटची तीन जुळे सोलापूरच्या घरातूनच काम करतेय, आणि आमच्या टीममध्ये नवीन माणूस घ्यायचा असला की पहिल्या फेरीतले रिझ्युमे माझ्याकडे येतात. त्यामुळे रिझ्युमे लिहिणाऱ्याची बाजू पण माहितीये आणि वाचणाऱ्याची पण. मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ रविवारी लॅपटॉप घेऊन घरी आला, म्हणाला, "ताई, अकरा ठिकाणी टाकलाय, एकानं पण फोन केला नाही, काय चुकायलंय बघ की." चार तास बसलो आम्ही त्याच्यावर. त्याचा अनुभव चांगला होता, कामही खरं होतं, पण रिझ्युमेतल्या तीन ओळी अशा लिहिल्या होत्या की वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नव्हतं. सोलापुरातून, बार्शी-पंढरपुरातून बरीच पोरं-पोरी आता सपोर्टमधून या लाइनला यायला बघतायत, म्हणून त्या चार तासांत जे केलं ते सगळं क्रमानं लिहितेय. त्याचेच आकडे घेते, त्याला विचारून घेतलंय, ग्राहकांची नावं अर्थातच नाहीत.

आधी त्याचं काम सांगते म्हणजे पुढचं समजेल. तो ज्या कंपनीत आहे ती व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकते, वर्षाचं सबस्क्रिप्शन. ग्राहक म्हणजे चादर-टॉवेलचे होलसेलवाले, डिस्ट्रिब्युटर, थोडे एक्स्पोर्टवाले. ज्या पोस्टिंगसाठी, म्हणजे नोकरीच्या जाहिरातीसाठी, त्याला अर्ज करायचा होता ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची, घरून काम, मिड-मार्केट म्हणजे मध्यम आकाराच्या ग्राहकांसाठी कस्टमर सक्सेस मॅनेजर. आणि त्याच्या रिझ्युमेत या कामाच्या तीनच ओळी होत्या: ९५ टक्के रिन्यूअल रेट राखला, ४०० पेक्षा जास्त अकाउंट्स सांभाळले, ग्राहकांचं ऑनबोर्डिंग आणि ट्रेनिंग केलं. झालं, संपलं.

१. बसायच्या आधी काय काय जवळ हवं

- पोस्टिंगची पूर्ण कॉपी. लिंक ठेवू नका, पोस्टिंग बंद झालं की लिंक जाते आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी हातात काही नसतं. मजकूर सेव्ह करून ठेवा.
- तुमच्या नावावर असलेल्या अकाउंट्सचे, म्हणजे ग्राहकांचे, एका पूर्ण आर्थिक वर्षाचे एकूण आकडे: किती होते, किती राहिले, किती गेले, पैशात किती.
- नवीन ग्राहकांच्या दोन तारखा, करार कधी झाला आणि सॉफ्टवेअर खऱ्या वापरात कधी आलं.
- ऑफर लेटर आणि शेवटचं अप्रेझल लेटर, त्यावरचा हुद्दा नेमका काय लिहिलाय ते बघायला.
- एक कोरी शीट.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. कंपनीची ग्राहक यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घेऊ नका, स्क्रीनशॉट पण नको. तुम्हाला फक्त बेरजा लागतात, त्या ऑफिसच्या सिस्टीमवर बघा आणि गोळाबेरीज वहीत लिहून घ्या. ग्राहकांची माहिती बाहेर नेली म्हणून नोकरी जाऊ शकते, आणि नवीन कंपनीसुद्धा विचार करते की हा माणूस उद्या आमची यादी पण अशीच नेईल.

२. पोस्टिंगमधून तीन प्रश्न बाहेर काढा

अशी पोस्टिंग लांबलचक असतात, पंधरा-वीस मुद्दे असतात, त्यात "उत्तम संवादकौशल्य" वगैरे पण असतं. ते सोडा, सगळेच लिहितात. मी वाचताना जे शोधते ते तीनच ठिकाणी असतं: पैसे टिकवायची जबाबदारी किती, अंगावर अकाउंट किती आणि कसे, आणि नवीन ग्राहकाला सुरू करून देणं याच माणसाकडे आहे की वेगळी टीम आहे.

त्या पुण्याच्या पोस्टिंगमध्ये असं होतं: ४० ते ५० अकाउंट्सची मालकी, रिन्यूअल स्वतः करायची, जीआरआर, म्हणजे सुरुवातीच्या पैशांपैकी किती टिकले तो टक्का, ९० च्या वर ठेवायचा, आणि नवीन ग्राहकाचे पहिले ९० दिवस सांभाळायचे. इंग्रजीत रिन्यूअलच्या आधी कुठलं क्रियापद वापरलंय ते नीट बघा. "ओन" असेल तर कोटेशन, भावाची घासाघीस, सही, सगळं तुमच्याकडे. "सपोर्ट" किंवा "पार्टनर विथ सेल्स" असेल तर व्यवहार सेल्स करणार, तुम्ही ग्राहक खूश ठेवायचा. दोन्हीचे रिझ्युमे वेगळे लागतात, आणि एकच रिझ्युमे सगळीकडे टाकणाऱ्यांचं इथंच अडतं.

३. रिन्यूअल रेट: ९५ टक्के, पण कशाचे?

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच पाहिजे होता.

मी त्याला विचारलं, ९५ कुठून आला? म्हणाला, वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये मॅनेजरच्या स्लाइडवर होता. मी म्हटलं, भागिले काय होतं? ते त्याला माहीत नव्हतं. ही अडचण फक्त त्याची नाहीये, मी वाचलेल्या बहुतेक रिझ्युमेत हीच असते. टक्का लिहिलेला असतो पण वर काय आणि खाली काय ते माणसानं कधी बघितलेलंच नसतं, आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच येतो.

मग आम्ही मुळापासून मोजलं. २०२४-२५ या वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या नावावर १२० अकाउंट्स होते. सगळे करार एक-एक वर्षाचे, म्हणजे वर्षभरात प्रत्येकाची मुदत एकदा संपणारच. त्यातले १०८ पुढे चालू राहिले, १२ गेले. १०८ भागिले १२०, म्हणजे ९० टक्के. मग ९५ कसा आला? तर त्या १२ पैकी ६ जणांनी धंदाच बंद केला होता, कुणाची भागीदारी मोडली, कुणी दुकान विकलं, आणि मॅनेजरनं ते ६ "आपल्या हातात नव्हते" म्हणून हिशोबातूनच काढले. १०८ भागिले ११४, साधारण ९४.७, म्हणून ९५.

हे मॅनेजरनं फसवायला केलं असं मी म्हणत नाही, कंपनीच्या आत असं मोजायची पद्धत असू शकते. पण बाहेरच्या माणसासमोर हा आकडा टिकत नाही. समोरचा विचारणार, "बंद पडलेले धरलेत का?" आणि तुम्ही "नाही" म्हणालात की पुढचे सगळे आकडे त्याच्या नजरेत संशयाचे.

आता दुसरी गोष्ट. पोस्टिंगला रिन्यूअल रेट नकोच होता, जीआरआर हवा होता, म्हणजे ग्रॉस रेव्हेन्यू रिटेन्शन. पहिला डोकी मोजतो, दुसरा पैसे मोजतो. दोन्ही एकच आहेत असं समजून लिहिणं ही फार कॉमन चूक आहे. पैशाचा हिशोब असा, त्यात एनआरआर म्हणजे नेट रेव्हेन्यू रिटेन्शन, ज्यात वाढलेले पैसे पण धरतात:

```
जीआरआर = (सुरुवातीचे पैसे − गेलेले − कमी झालेले) ÷ सुरुवातीचे पैसे
एनआरआर = (सुरुवातीचे पैसे − गेलेले − कमी झालेले + वाढलेले) ÷ सुरुवातीचे पैसे
```

त्याच्या १२० अकाउंट्सचं मिळून वर्षाचं सबस्क्रिप्शन ४८ लाख. गेलेले १२ जण छोटे होते, मिळून २.४ लाख. राहिलेल्यांपैकी ९ जणांनी युजर कमी केले, म्हणजे पाच कॉम्प्युटरवर चालायचं ते तीनवर आणलं, त्यात १.२ लाख कमी झाले. ४८ मधून दोन्ही वजा, राहिले ४४.४ लाख. ४४.४ भागिले ४८, म्हणजे ९२.५ टक्के. हा त्याचा जीआरआर.

बघा काय झालं. तो घाबरत होता की खरं लिहिलं तर ९५ चे ९० होतील आणि पोस्टिंगच्या काठावर येईल. पण पोस्टिंग ज्या मापानं विचारत होतं त्या मापानं तो ९२.५ वर होता, ९० च्या वर, आणि हा आकडा कुणीही कितीही उलटसुलट विचारला तरी उभा राहतो.

वाढलेले पैसे, म्हणजे कुणी नवीन गोडाऊन जोडलं, कुणी ई-वे बिलचं मॉड्यूल घेतलं, ते ३.६ लाख होते. ते धरले तर परत बरोबर ४८ लाख, एनआरआर १०० टक्के. पण ती विक्री सेल्सच्या मुलानं केली होती, यानं फक्त नाव सुचवलं होतं. म्हणून आम्ही एनआरआर लिहिला नाही, "वाढीच्या संधी शोधून सेल्सकडे दिल्या" एवढंच लिहिलं. लक्षात ठेवा, जीआरआर १०० च्या वर कधीच जाऊ शकत नाही कारण त्यात वाढ धरतच नाहीत. मी "१०८ टक्के जीआरआर" लिहिलेला रिझ्युमे बघितलाय, तो तिथंच बाजूला गेला, कारण माणसाला आपलंच माप माहीत नाही हे एका ओळीत दिसलं.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमच्याकडे दोन-तीन वर्षांचे करार असतील तर ज्यांची मुदत यावर्षी संपलीच नाही ते आपोआप "टिकलेले" दिसतात. अशा वेळी यावर्षी मुदत संपणाऱ्यांपैकी किती राहिले हे वेगळं काढा. मावसभावाचे सगळे एक वर्षाचे म्हणून त्याला गरज पडली नाही.

पैशाचे आकडे कंपनी सांगू देत नसेल तर लाख लिहू नका, टक्का पुरतो. किंवा "सुमारे अर्धा कोटी" असं ढोबळ लिहा.

४. रिन्यूअलमध्ये तुमचा हात किती, ते वेगळं सांगा

टक्का टीमचा असतो, हात तुमचा असतो. मी त्याला विचारलं की मुदत संपायच्या आधी तू नेमकं काय करायचास, आणि तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली जी रिझ्युमेत नव्हतीच. मुदतीच्या ६० दिवस आधी तो लॉगिन बघायचा. एखाद्या दुकानात रोज चाळीस बिलं निघायची ती पाच-सहावर आली की समजायचं, बिलं दुसरीकडे निघायला लागलीयेत, किंवा बिल करणारा मुलगा सोडून गेलाय आणि नवीन मुलाला येत नाहीये. चाटी गल्लीतल्या एका होलसेलवाल्याकडे असंच झालं होतं, मालक फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत होते, पण हा प्रत्यक्ष गेला तेव्हा काउंटरवर हातानं लिहिलेलं बिलबुक होतं आणि कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर. जुना मुलगा गणपतीत गावाला गेला तो आलाच नव्हता. यानं नवीन मुलाला दोन दुपारी बसून शिकवलं, महिन्याभरानं रिन्यूअल झालं.

ही गोष्ट रिझ्युमेत एका ओळीत बसते: मुदतीच्या ६० दिवस आधी वापर घटलेले अकाउंट शोधून भेट किंवा कॉल. बाकी गोष्ट इंटरव्ह्यूसाठी ठेवायची.

कोटेशन तो पाठवायचा, भाव मॅनेजर ठरवायचा, वसुली हिशोब विभाग करायचा. पोस्टिंगला रिन्यूअलची मालकी हवी होती, याच्याकडे पाऊण होती. मग आम्ही "रिन्यूअल स्वतः केली" असं न लिहिता "रिमाइंडरपासून कोटेशनपर्यंत रिन्यूअल चालवली" असं लिहिलं. सवलत ठरवायचा अधिकार तुमच्याकडे नव्हता तर तो होता असं दाखवू नका, "सगळ्यात जास्त किती सवलत दिली आणि का" असा एक साधा प्रश्न येतो आणि तिथं उत्तर नसतं.

५. पोर्टफोलिओ: मोठा आकडा म्हणजे मोठं काम नव्हे

४०० पेक्षा जास्त अकाउंट्स. हे ऐकायला भारी वाटतं, पण ४०-५० अकाउंटवाल्या पोस्टिंगसाठी हाच आकडा त्याच्या विरोधात जात होता. मी वाचणारी म्हणून सांगते, ४०० बघितले की माझ्या डोक्यात येतं की हा माणूस ग्राहकाला ओळखत नसणार, फोन आला की उचलत असणार, म्हणजे हा सपोर्ट आहे. आणि मिड-मार्केटला लागतो असा माणूस ज्याला प्रत्येक ग्राहकाचं नाव, धंदा, अडचण तोंडपाठ आहे.

शिवाय ते ४०० त्याचे एकट्याचे नव्हतेच. तिघांची टीम, ग्राहकांच्या तक्रारींच्या तिकिटांची रांग सामायिक, ज्याला वेळ त्यानं उचलायचं. सिस्टीममध्ये मालक म्हणून याचं नाव फक्त १२० वर होतं. तर नियम साधा: ज्या अकाउंटचं रिन्यूअल हुकलं तर तुम्हाला विचारलं जातं, ते तुमचं. बाकीचं तुमचं नाही, मग तुम्ही कितीही फोन उचललेले असोत.

मग १२० चं काय करायचं? ४८ लाख भागिले १२०, सरासरी ४०,००० रुपये वर्षाला. मिड-मार्केटचे करार याच्यापेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे नुसतं १२० लिहिलं तरी छोटे ग्राहक असंच दिसणार, आणि ते खरंही आहे. पण सरासरीच्या आत बघितलं तेव्हा दोन वेगळे गट निघाले. वरचे २० जण, म्हणजे एक्स्पोर्टवाले आणि तीन-चार गोडाऊनवाले डिस्ट्रिब्युटर, मिळून २० लाख, प्रत्येकी सरासरी १ लाख. त्यांच्याशी याचा महिन्याला ठरलेला कॉल, दर तीन महिन्यांनी मालकाबरोबर बसून आढावा. राहिलेले १०० जण मिळून २८ लाख, त्यांचं काम फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर.

आता हे वीस जण त्या पोस्टिंगशी बोलतात. आम्ही लिहिलं: १२० अकाउंट्स, त्यातले २० मोठे, मासिक कॉल आणि तिमाही आढाव्यासह, पैशाच्या हिशोबानं पोर्टफोलिओचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. २० भागिले ४८, ४१.७ येतात, म्हणून ४० टक्क्यांहून जास्त. अनुभव होता तेवढाच, फक्त वाचणाऱ्याला दिसलं की या माणसानं थोड्या ग्राहकांबरोबर खोल काम पण केलेलं आहे.

तुम्ही पण असंच करा. यादी पैशानं उतरत्या क्रमानं लावा, तुम्ही ज्यांच्याशी ठरवून, ठरलेल्या तारखेला बोलता तिथं रेघ मारा. रेघेच्या वरचे मोठ्या ग्राहकांच्या पोस्टिंगला पुढे करा. उलट पोस्टिंग शेकडो छोट्या ग्राहकांचं असेल, ज्याला पूल्ड किंवा स्केल्ड म्हणतात, तर खालचे १०० पुढे करा आणि एका वेळी अनेकांना कसं सांभाळलं ते लिहा, जसं की यानं रिटर्न भरायच्या तारखांच्या आधी सगळ्यांना एकच व्हिडिओ पाठवायचा. पण एक मान्य करून चला, १ लाखाच्या ग्राहकाचा अनुभव ३०-४० लाखांच्या एंटरप्राइज ग्राहकासाठी कुठलाही शब्द वापरून पुरत नाही. तिथं खरेदी विभाग, कायदा विभाग, सिक्युरिटीचे प्रश्न असं सगळं येतं. तशी पोस्टिंग सध्या सोडा, मिड-मार्केटमधून जा.

६. ऑनबोर्डिंग: सुरुवात कुठली आणि शेवट कुठला

"ऑनबोर्डिंग आणि ट्रेनिंग केलं" या ओळीत काहीच नाही. ऑनबोर्डिंग मोजायचं तर दोन खुंट्या लागतात. सुरुवात म्हणजे कराराची तारीख किंवा पहिला कॉल. शेवट म्हणजे ग्राहकाला पहिला खरा उपयोग झाला तो दिवस. ट्रेनिंग संपलं तो शेवट नाही, कारण ट्रेनिंग घेऊन पण दुकानात बिलबुकच चालू असतं. मावसभावाच्या सॉफ्टवेअरला शेवट सोपा होता, खऱ्या गिऱ्हाईकाला निघालेलं पहिलं बिल. तुमच्या सॉफ्टवेअरचं पहिलं बिल काय, ते आधी ठरवा. पगाराचं सॉफ्टवेअर असेल तर पहिला पगार, शाळेचं असेल तर पहिली फी पावती.

२०२३-२४ मध्ये त्यानं ३४ नवीन ग्राहक सुरू करून दिले होते. दोन्ही तारखा काढल्या, दिवस मोजले. मी त्याला सरासरी घेऊ दिली नाही, मधला आकडा घ्यायला लावला, म्हणजे सगळे दिवस लहान-मोठे लावून मधोमध येतो तो. कारण एका ग्राहकाला चार महिने लागले होते, घरात लग्न, मग गड्ड्याची जत्रा, मग मालकांचं ऑपरेशन, आणि तो एकटा सगळी सरासरी ओढून नेत होता.

मग त्याला विचारलं, वर्षभरात तू काही बदललंस का? हो म्हणाला. सगळ्यात जास्त वेळ मालाची यादी चढवण्यात जायचा. ग्राहक एक्सेल द्यायचे आणि त्यात एकच टॉवेल तीन नावांनी असायचा, कुठे "३०x६० पांढरा", कुठे "पांढरा ३० बाय ६०", कुठे नुसतं "मोठा पांढरा", आणि सिस्टीम तीन वेगळे माल धरायची, स्टॉक कधीच जुळायचा नाही. परत साफ करा, परत चढवा, आठवडा त्यातच. मग यानं एक तयार एक्सेल बनवली, आकार वेगळ्या रकान्यात, रंग वेगळ्या, एचएसएन कोड वेगळा, आणि वर टॉवेल-चादरीच्या दहा ओळी भरून दाखवलेल्या. ती करार झाल्याच्या दिवशीच पाठवायची. एक्सेलच्या आधीचे १६ ग्राहक, मधला आकडा २४ दिवस. नंतरचे १८, मधला आकडा १४ दिवस.

ही त्याच्या रिझ्युमेतली सगळ्यात ताकदीची ओळ आणि ती त्यानं लिहिलीच नव्हती! म्हणाला, "ती तर साधी एक्सेल आहे की ताई." अरे, साधी असली म्हणून काय झालं, दहा दिवस वाचले ना.

आता इथला सापळा. या ३४ जणांचं पहिलं रिन्यूअल पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये आलं. ३१ राहिले. आधीच्या १६ पैकी १४, नंतरच्या १८ पैकी १७. त्याला लगेच लिहायचं होतं की एक्सेलमुळे रिन्यूअल ८७ वरून ९४ वर गेलं. मी थांबवलं. दोन्ही गटांत एकेक ग्राहक इकडचा तिकडे झाला तरी हे टक्के पार बदलतात, एवढ्या छोट्या आकड्यावर "यामुळे ते झालं" म्हणता येत नाही. दिवस कमी झाले ते मात्र म्हणता येतं, कारण तिथं कारण समोर दिसतंय. रिन्यूअलबद्दल आम्ही फक्त एवढं लिहिलं: सुरू करून दिलेल्या ३४ पैकी ३१ नी पहिलं रिन्यूअल केलं. तेवढं पुरतं, कारण पोस्टिंगला पहिले ९० दिवस आणि रिन्यूअल एकाच माणसाकडे द्यायचं होतं आणि या ओळीत दोन्ही एकत्र दिसतं.

७. आता लिहा

रिझ्युमे इंग्रजीतच जाणार, मी इथे मतलब मराठीत देतेय. सध्याच्या नोकरीखाली त्याच्या ओळी शेवटी अशा झाल्या:

- १२० अकाउंट्सचा पोर्टफोलिओ, त्यातले २० मोठे, मासिक कॉल आणि तिमाही आढावा. मोठ्यांचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त.
- २०२४-२५ मध्ये जीआरआर ९२.५ टक्के, संख्येनं १२० पैकी १०८ रिन्यू, बंद पडलेले धंदे धरून.
- मुदतीच्या ६० दिवस आधी वापर घटलेले अकाउंट शोधले. रिमाइंडरपासून कोटेशनपर्यंत रिन्यूअल चालवली.
- ३४ ग्राहकांचं ऑनबोर्डिंग. मालाच्या यादीसाठी तयार फॉरमॅट आणून पहिल्या बिलापर्यंतचा वेळ २४ वरून १४ दिवसांवर. ३४ पैकी ३१ चं पहिलं रिन्यूअल झालं.

"बंद पडलेले धंदे धरून" हे चार शब्द काढू नका असं मी त्याला बजावलं. वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला भागिले काय असतं ते माहितीये.

हुद्दा बदलायचा नाही. त्याच्या लेटरवर सीनियर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह आहे, तर रिझ्युमेत पण तेच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला आधीच्या कंपनीकडून हुद्दा विचारतात आणि तिथं वेगळा निघाला तर आलेली ऑफर जाऊ शकते. वरच्या दोन ओळींच्या परिचयात लिहा की काम कस्टमर सक्सेसचं आहे, कुणी अडवत नाही.

टूलचं पण तसंच. पोस्टिंगमध्ये गेनसाइट हे कस्टमर सक्सेसचं सॉफ्टवेअर होतं, यानं ते कधी उघडलेलं नाही. त्यानं वापराचा हिशोब गूगल शीटमध्ये ठेवला होता, लाल-पिवळा-हिरवा रंग देऊन. तेच लिहिलं. हेल्थ स्कोअर, म्हणजे ग्राहक टिकेल की जाईल याचा अंदाज, कसा लावायचा ते समजत असेल तर टूल पंधरा दिवसांत शिकता येतं, हे आम्हाला माहीत असतं.

दिसण्याबद्दल थोडक्यात: दोन कॉलमचे, फोटोचे, स्टार देणारे टेम्पलेट नको, एक कॉलम, एक पान. पीडीएफ झाली की त्यातलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी पुढे-मागे झाल्या, आकडे गायब झाले तर अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला पण तसंच दिसणार. त्याच्या जुन्या फाइलमध्ये डावीकडचा फोन नंबर बरोबर अनुभवाच्या मधोमध येत होता.

८. पाठवायच्या आधी प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न

कुणीतरी समोर बसवा, घरातलं कुणी पण चालेल, आणि प्रत्येक आकड्यावर विचारायला सांगा: कशाला कशानं भागलं? कुठल्या काळातला? यात तू काय केलंस आणि दुसऱ्यानं काय? मावशीनं विचारले त्याला, तिला सॉफ्टवेअरमधलं काही माहीत नाही तरी तिसऱ्या प्रश्नावर तो दोनदा अडखळला, मग आम्ही एक ओळ परत लिहिली.

गेलेल्या ग्राहकांची कारणं पण तोंडपाठ पाहिजेत, कारण राहिलेल्यांपेक्षा गेलेल्यांबद्दलच जास्त विचारतात. आणि तसंच झालं, दहा दिवसांनी त्या पुण्याच्या कंपनीतून फोन आला आणि चौथ्या मिनिटाला प्रश्न, "१२ गेले म्हणताय, का गेले?" यानं सांगितलं: ६ धंदे बंद, ३ त्यांच्या सीएनं सांगितलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले, २ ना मोबाइलवरून बिल करायचं होतं आणि ते आमच्याकडे नव्हतं, आणि १ माझ्या चुकीनं गेला, त्यांचा स्टॉक दोन महिने जुळत नव्हता आणि मी तिकीट पुढे पाठवून फॉलोअप केला नाही. फोनवरच्या बाईंनी तो शेवटचा ग्राहक धरून पुढची वीस मिनिटं विचारलं, काय झालं, कधी कळलं, आता काय वेगळं करशील. दुसऱ्या फेरीचं बोलावणं संध्याकाळीच आलं, ती पुढच्या बुधवारी आहे, आणि त्यासाठी त्याला एका नमुना ग्राहकाचा ९० दिवसांचा ऑनबोर्डिंग प्लॅन बनवून न्यायचाय.